नाव शेवटी घ्या

एक नाच संपतो. टाळ्या वाजतात, नाचणारे एकमेकांना मिठ्या मारतात, कुणाचं तरी कानातलं पडलेलं असतं ते शोधायला दोघी खाली वाकतात, मावशी साडीचा काठ सावरत जपून पायऱ्या उतरतात. पुढचे लोक दुसऱ्या बाजूने चढू लागतात आणि त्यातला एक जण अजून पाणीपुरीच्या स्टॉलवर असतो. हे सगळं व्हायला साधारण दीड मिनिट लागतं. लग्नाआधीच्या संगीताच्या रात्री अशी दहा-बारा दीड मिनिटं येतात. निवेदकाची संहिता म्हणजे या दीड-दीड मिनिटांचं लेखन. ती नीट लिहिलेली असतील, तर घरच्यांनी पंधरा दिवस दिवाणखान्यात बसवलेले नाच एका धाग्यात ओवले जातात. नसतील, तर प्रत्येक नाचानंतर माणसं मोबाइल काढतात, जेवणाच्या टेबलाकडे सरकतात आणि आठव्या नाचाला समोर फक्त नाचणाऱ्यांचे आईवडील उरतात.

माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न नाशिकला झालं. मुलाकडचे साताऱ्याचे. हळदीच्या आदल्या रात्री गावाबाहेरच्या एका लॉनवर संगीत ठेवलं होतं, आणि संहिता लिहायचं काम माझ्याकडे आलं. बोलणार होती दोन मुलं: आमच्याकडून नवरीचा चुलतभाऊ आणि त्यांच्याकडून नवरदेवाची मावसबहीण. लिहिलं मी, बोलले ते. हे वाटप मला मनापासून पटतं. वयाने मोठं माणूस घरातली नाती आणि जुने किस्से जाणतं. तरुण मुलांना माईक, साउंडवाला आणि तीन तास उभं राहणं झेपतं. आणि दोन निवेदक दोन घरांचे असले, की एक मोठी अडचण आपोआप सुटते. तिच्याकडे पुढे येतेच.

संगीत हा प्रकार आपल्याकडे पंजाबी लग्नांमधून आला हे खरं. पण कार्यक्रमात सतत मंचावर राहून एका पात्राला निरोप देणारा आणि दुसऱ्याला बोलावणारा माणूस मराठी रंगभूमीला तिच्या जन्मापासून ठाऊक आहे. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून त्यांच्या नाटकांत सूत्रधार मंचावर उभा राहून पदं म्हणत असे, कथा पुढे नेत असे, आणि पात्रं येऊन आपापलं काम करून जात. घरच्या संगीतातल्या निवेदकाला नमुना हवा असेल तर तो दूरदर्शनच्या झगमगत्या सोहळ्यांत शोधू नये, या सूत्रधारात शोधावा. सूत्र हातात असणं एवढंच त्याचं काम.

लिहायला बसण्याआधी मी वेळ मोजली, कारण संहितेची लांबी तिथून ठरते. निमंत्रणावर साडेसात लिहिलं होतं. माणसं आठला जमणार आणि प्रत्यक्ष सुरुवात सव्वाआठला होणार, हे धरून चालले. शेवट मात्र आपल्या हातात नव्हता. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सूट आहे ती बंदिस्त सभागृहांना. लॉन उघड्यावरच धरतात. म्हणजे हातात पावणेदोन तास. दहा सादरीकरणं, प्रत्येकी तीन मिनिटं, झाली तीस. मधल्या नऊ जोडण्या दीड मिनिटाच्या, त्यांची चौदा. सुरुवातीला चार, समारोपाला तीन, मध्ये उखाण्यांना दहा. बेरीज एकसष्ट मिनिटं. घरच्या कार्यक्रमात कागदावरच्या वेळेवर तिसरा हिस्सा वाढतो, हा माझा आजवरचा अनुभव; म्हणजे ऐंशी. नऊ पस्तीसला ठरलेला कार्यक्रम संपला, तर सगळ्यांनी मिळून मनसोक्त नाचायला पंचवीस मिनिटं उरतात. ही पंचवीस मिनिटं वाचवायची असतील, तर निवेदकाला एक वाक्यही जास्त बोलून चालत नाही.

वाक्यं किती, तेही मोजता येतं. माईकवर सावकाश, थांबत-थांबत बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. दीड मिनिटातली पहिली पंधरा सेकंदं टाळ्यांची. उरलेल्या वेळात सव्वाशे शब्द बसतात. पण सव्वाशे लिहू नयेत. मी प्रत्येक जोडणीला ऐंशी शब्द लिहिले आणि त्याखाली एक रेघ मारून आणखी तीन-चार ‘राखीव’ ओळी लिहिल्या. पुढची मंडळी पायऱ्यांशी येऊन उभी असतील, तर रेघेवर थांबायचं. कुणी अजून चपला शोधत असेल, तर राखीव ओळी वापरायच्या. मुलांना हे फार आवडलं, कारण ‘आता काय बोलू’ ही घालमेलच गेली.

आता मजकुराकडे. नातेवाइकांची ओळख करून देणं हा या संहितेचा जीव आहे, आणि तिथेच बहुतेक संहिता फसतात. नेहमीची ओळख कशी असते? ‘आता येत आहेत आपल्या सर्वांच्या लाडक्या, हसतमुख, प्रेमळ अशा आपल्या आत्या.’ ही ओळ कोणत्याही आत्याला लागू होते, म्हणून ती कोणत्याच आत्याची नसते. समोरच्या अर्ध्या माणसांनी, म्हणजे व्याह्यांकडच्या मंडळींनी, या आत्यांना आज पहिल्यांदा पाहिलेलं आहे. त्यांना आत्या लक्षात राहायला हव्यात. त्यासाठी एक खरी, डोळ्यांपुढे उभी राहणारी सवय लागते आणि ती फोन करूनच मिळते.

मी तीन आठवडे आधी फोन सुरू केले. प्रत्येकाबद्दल त्याला स्वतःला न विचारता त्याच्या जवळच्या माणसाला विचारलं. बायकोला नवऱ्याबद्दल, सुनेला सासूबद्दल, मुलाला बापाबद्दल. प्रश्न तीनच: प्रवासाला निघताना हे काय करतात? घरात यांचं कोणतं वाक्य सगळ्यांना पाठ आहे? आणि नवरीशी किंवा नवरदेवाशी यांची अशी एक आठवण कोणती, जी हसत सांगता येईल? प्रवासाच्या प्रश्नाने माणूस हमखास सापडतो. कुणी चार वेळा गॅस बघून येतो, कुणी शिदोरीत चटणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, कुणी गाडीत बसल्याबसल्या झोपतो.

माझ्या धाकट्या भावाची, म्हणजे नवरीच्या मामाची ओळख अशी झाली. पहिल्या खर्ड्यात भाच्यांनी त्याच्या पोटावर दोन ओळी रचल्या होत्या. मामाला राग आला नसता, हे मलाही ठाऊक होतं. पण त्याच्या वजनाबद्दल साताऱ्याच्या पन्नास माणसांना हसायला सांगण्याचं काही कारण नव्हतं. मी वहिनीला फोन केला आणि मग हे लिहून झालं:

‘आमच्या घरात एक घड्याळ आहे, त्याला सेल लागत नाही. सकाळी साडेसहाची गाडी असेल, तर ते साडेचारला नाशिकरोड स्टेशनवर उभं असतं. पाण्याची बाटली भरलेली, तिकीट वरच्या खिशात आणि बाकीच्यांना फोन सुरू, निघालात का? या घड्याळाला आयुष्यात एकदाच उशीर झाला. स्वतःच्या लग्नात. वरातीत नाचता-नाचता. तेव्हा मांडवात पाऊण तास वाट बघत बसलेल्या मुलीने ठरवलं, यापुढे नाचायचं तर दोघांनी मिळून. नवरीचे धाकटे मामा आणि मामी!’

यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, फिरकी सवयीची घेतली आहे, आणि ती सवय अशी आहे की ऐकणाऱ्याला मामा आवडायला लागतात. दुसरी, नाव अगदी शेवटी आहे, शेवटच्या चार शब्दांत. निवेदनाचं एकच सूत्र सांगायचं झालं तर मी हेच सांगेन. नाव आधी घेतलं की टाळ्या आधी वाजतात, माणसं चढायला लागतात आणि निवेदक मात्र अजून किस्सा सांगत असतो. मामा-मामी मंचाच्या मध्यावर हात कुठे ठेवावेत हे न कळून उभे, साउंडवाल्याने गाणं सुरू केलेलं, त्यावर निवेदकाचा आवाज चढलेला. हा गोंधळ मी कितीतरी लग्नांत पाहिला आहे आणि दरवेळी कारण हेच असतं. नाव शेवटी घेतलं, तर आमच्या घरचे लोक दुसऱ्या वाक्यालाच ओळखतात आणि कुजबुज सुरू होते, पाहुण्यांना उत्सुकता लागते, आणि नाव उच्चारताच दोघांच्या टाळ्या एकत्र येतात. शिवाय साउंडवाल्याला वेगळी खूण द्यावी लागत नाही. नाव हीच खूण. गाण्याचं नाव मात्र कधीच सांगू नये. पहिल्या सुरावर समोरून जो हुंकार येतो, तो नाचणाऱ्यांच्या हक्काचा असतो.

आता ती मघाची अडचण. व्याह्यांकडच्या माणसांची फिरकी कुणी घ्यायची? माझं उत्तर स्पष्ट आहे: त्यांची त्यांनी. आपल्या माणसाला आपण हसू शकतो. दोन महिन्यांपूर्वी ओळख झालेल्या घरातल्या काकांना आपण माईकवरून हसलो, तर ते मानापमानाच्या खात्यात जातं आणि वर्षानुवर्षं निघत राहतं. म्हणून साताऱ्याकडच्या सगळ्या ओळखी त्यांच्या मुलीने करून दिल्या, आणि मजकूरही तिच्या आईला विचारून ठरला. नवरदेवाचे चार काका एकत्र नाचणार होते, सोबत त्यांची थोरली बहीण. त्या घरात त्यांना सगळे आक्का म्हणतात. ती म्हणाली:

‘आमच्या घरातले चार भाऊ एका गाडीत बसले, की गाडी एक जण चालवतो आणि रस्ता तिघं सांगतात. साताऱ्याहून निघालो, पुणं आलं, तरी कात्रजवरून जायचं का बाहेरून, हे ठरलेलं नव्हतं. शेवटी मागच्या सीटवरून एकच शब्द आला: गप! आणि गाडी सरळ नाशिकला. नवरदेवाचे चारही काका, आणि त्यांना सरळ वाटेवर ठेवणाऱ्या आमच्या आक्का!’

हेच आमच्या मुलाने म्हटलं असतं तर आगाऊपणा ठरला असता. त्यांच्या घरच्या मुलीने म्हटलं, तेव्हा सर्वांत आधी आक्का हसल्या. आमच्या मुलाच्या वाट्याला त्यांच्याबद्दल फक्त एक वाक्य ठेवलं होतं, नाच झाल्यावरचं, आणि ते कौतुकाचं होतं.

बोलण्याच्या रीतीचंही असंच. घरात आपण मामाला ‘अरे मामा’ म्हणतो, आजीला ‘तू’ म्हणतो. माईकवर आपल्या माणसांचा जिव्हाळा ठेवावा, पण व्याह्यांकडच्या प्रत्येक मोठ्या माणसाला आदरार्थीच बोलावं, अगदी नवरदेवाच्या विशीतल्या काकूलाही. आणि हाका विचारून घ्याव्यात. एखाद्या घरात वडिलांना आबा म्हणतात, दुसऱ्या घरात आबा म्हणजे आजोबा. चुकीची हाक मारली की समोर एक क्षण सगळे गप्प होतात आणि तो क्षण निवेदकाला फार लांब वाटतो.

काही विषय मी कागदावर येऊच देत नाही. रंग, वजन, टक्कल, पगार, कुणाचं लग्न लांबलेलं, कुणाला मूल नाही, कुणाची आधी मोडलेली सोयरीक. ‘आता पुढचा नंबर तुझा’ ही ओळ तर प्रत्येक संगीतात कुणीतरी म्हणतंच, आणि ज्याच्या किंवा जिच्याकडे बोट असतं, ते माणूस हसून दाखवतं. ते हसू नीट पाहिलं, तर ती ओळ पुन्हा लिहिणार नाही कुणी. दारूवरचे विनोदही नकोत. समोर आजोबा बसलेले असतात. प्रत्येक फिरकी लिहून झाली, की मी ती ज्याच्यावर आहे त्याच्या जवळच्या माणसाला फोनवर वाचून दाखवते. पलीकडून लगेच हसू आलं तर ठेवायची. ‘चालेल की’ असं उत्तर आलं तर काढायची. ‘चालेल की’चा अर्थ न चालण्याकडे झुकलेला असतो.

सर्वांत जास्त वेळ मला लागला तो आजीच्या ओळखीला. नवरीच्या वडिलांची आई, वय ब्याऐंशी, माहेर-सासर दोन्ही सिन्नरच्या बाजूची. तिला नातीसाठी जात्यावरची ओवी म्हणायची होती. आठ नाच, दिवे, धूर आणि मध्ये एक ओवी. तिला कुठे बसवायचं? मुलांचा नाच सर्वांत आधी, कारण नऊनंतर मुलं पेंगतात. शेवटचे दोन नवरानवरीचे आणि सगळ्या भावंडांचे, ते हलवता येत नाहीत. मामांच्या धमाल नाचानंतर लगेच आजीला बोलावलं, तर लोकांचे पाय अजून थिरकत असतात, कुणी ऐकत नाही. म्हणून आम्ही आजीला पाचव्या जागी ठेवलं आणि तिच्या आधी नवरीच्या दोन मैत्रिणींचा संथ, कथकच्या अंगाचा नाच घेतला. म्हणजे समोरची माणसं आधी बसली, मग शांत झाली, आणि मग आजी आली.

आजीला मी फोन केला तेव्हा आजोबांचा विषय निघाला. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी विचारलं, त्यांचं नाव घेऊ का? ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘घे, पण माझं म्हणून झाल्यावर. आधी घेतलंस तर मला म्हणता यायचं नाही.’ मी आधी त्यांचं नाव पहिल्याच ओळीत घातलं होतं. ते काढलं आणि नातवासाठी हे लिहिलं:

‘सिन्नरजवळच्या एका घरात पहाटे चारला जातं सुरू व्हायचं. वीज नव्हती. उजेड कंदिलाचा आणि आवाज दोघी जावांचा. दळण सरायचं, ओवी सरायची नाही. ते जातं आता अंगणात तुळशीशेजारी आहे. ओव्या मात्र सगळ्या तिच्याजवळ आहेत, कुठे लिहिलेल्या नाहीत. त्यातली एक आज ती नातीसाठी म्हणणार आहे. वाद्य नाही, ट्रॅक नाही. आमची आजी.’

इथे शेवटी उद्गारचिन्ह नाही. ते मुद्दाम नाही. कार्डावर मी त्याच्यापुढे लिहिलं होतं, ‘आवाज खाली, मंच सोडून बाजूला हो.’ आणि पुढच्या कार्डाच्या डोक्यावर, ‘ओवी संपल्यावर मनात पाच मोज, मग बोल.’ निवेदकाला गप्प राहणंही लिहून द्यावं लागतं, नाहीतर तरुण मुलगा घाबरून लगेच ‘वा, वा, जोरदार टाळ्या’ म्हणतो. तो पाच मोजून म्हणाला, ‘ही ओवी ऐकायला आजोबा रोज पहाटे जागे व्हायचे आणि झोपल्याचं सोंग घेऊन पडून राहायचे. हे आजीनेच सांगितलंय.’ पुढचा नाच सुरू करायला आम्हाला कागदावर ठरलेल्यापेक्षा दोन मिनिटं जास्त लागली. ती मी लागू दिली.

जोडणीला मागची आणि पुढची अशी दोन टोकं असतात. पुढचं टोक म्हणजे येणाऱ्याची ओळख. ते घरी लिहिता येतं. मागचं टोक, झालेल्या नाचाबद्दलचं वाक्य, घरी लिहू नये. कार्डावर तिथे रिकामी रेघ ठेवावी. निवेदकाने नाच पाहायचा आणि त्यातली एकच खरी गोष्ट सांगायची. आमच्याकडे पहिल्या नाचात पाच वर्षांचा एक मुलगा सगळे उजवीकडे वळले तेव्हा डावीकडे वळला आणि शेवटपर्यंत ठामपणे डावीकडेच नाचला. मुलगी म्हणाली, ‘आठ जण एकीकडे आणि एक जण आपल्या मतावर ठाम.’ लोकांना तेवढं पुरलं. ‘किती सुंदर सादरीकरण’ हे शब्द त्या रात्री एकदाही आले नाहीत, कारण मी दोघांना ते बंदच केले होते. आंतरजालावरून उचललेल्या हिंदी शायऱ्याही बंद. त्यांची गरज पडत नाही. आपल्याकडे उखाणा आहे. मामा-मामींचा नाच संपल्यावर आमच्या मुलाने दोन गावं जोडणारा उखाणा टाकला, मीच रचलेला: ‘नाशिकची द्राक्षं, साताऱ्याचे कंदी पेढे, मामींनी ठेका धरला आणि मामा झाले वेडे.’ त्यावर साताऱ्याकडून आवाज आला, ‘पेढे आणलेत!’ आणि पुढच्या जोडणीचं काम अर्धं झालं.

आता कागद आणि यंत्रं. संहिता मोबाइलवर ठेवू नये. मंचावरचे दिवे पडद्यावर चमकतात आणि नेमक्या वेळी कुणाचा तरी फोन येतो. पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराच्या जाड कागदावर, ठळक मोठ्या अक्षरात, एका बाजूला, एका कार्डावर एकच जोडणी. कार्डांवर क्रमांक आणि कोपऱ्यात भोक पाडून दोरा; हातातून पडली तरी क्रम बिघडत नाही. साउंडवाल्याला वेगळा कागद द्यायचा, त्यावर फक्त तीन रकाने: क्रमांक, निवेदकाचे शेवटचे चार शब्द, आणि फाइलचं नाव. गाण्यांना त्याच क्रमांकाने नावं द्यावीत, म्हणजे `04_Mama_Mami.mp3` अशी. सगळी गाणी कापून, तीन मिनिटांच्या आत आणून, पेनड्राइव्हवर आणि आणखी एका पेनड्राइव्हवर. गाणी फोनवरून वाजवायची वेळ आलीच, तर तो फोन फ्लाइट मोडवर टाकावा. मी स्वतः एका संगीतात ऐन नाचात रिंगटोन वाजलेली ऐकली आहे.

सर्वांत उपयोगी पडते ती संध्याकाळची छोटी तालीम. सगळे नाच पुन्हा करायचे नाहीत. फक्त सांधे: निवेदकाचे शेवटचे चार शब्द, माणसं चढतात, गाण्याची पहिली दहा सेकंदं, थांबा, शेवटची दहा सेकंदं, माणसं उतरतात, पुढचं कार्ड. दहा नाचांना चाळीस मिनिटं पुरतात. आमच्या तालमीत कळलं, की नवरीची आत्या सहाव्या आणि सातव्या अशा लागोपाठ दोन्ही नाचांत होती, आणि मध्ये तिला ओढणी बदलायची होती. उखाण्यांचा खेळ आम्ही तिथे आणून ठेवला आणि तिला पाणी प्यायलाही वेळ मिळाला.

उखाण्यांचा हा खेळ म्हणजे आपली घरची विमा पॉलिसी आहे. गाणं अडकलं, वीज गेली, कुणी सापडेना, की कॉर्डलेस माईक घेऊन समोरच्या रांगेत उतरायचं. मराठी लग्नात दोन उखाणे तयार नाहीत अशी बाई विरळा, आणि अलीकडे पुरुषही घेतात. पण माईक कुणापुढे धरायचा, ते आधी ठरवून ठेवावं. आम्ही दोन्हीकडच्या तीन-तीन जोडप्यांना दुपारीच सांगून ठेवलं होतं आणि त्यांच्या खुर्च्या मुलांना दाखवल्या होत्या. कारण पहिल्या रांगेत बसलेल्या, छान साडी नेसलेल्या काकूंचे यजमान हयात आहेत की नाहीत, हे पलीकडच्या घरच्या मुलाला कळायला मार्ग नसतो. उखाण्याचा माईक चुकीच्या माणसापुढे गेलेला मी एकदा पाहिलाय. त्या बाईंनी फार सांभाळून घेतलं, पण नंतर त्या जेवायला थांबल्या नाहीत.

गाणं मध्येच बंद पडलं तर निवेदकाने यंत्राबद्दल, साउंडवाल्याबद्दल, लॉनच्या मालकाबद्दल एक शब्दही बोलू नये. नाचणाऱ्यांजवळ जाऊन उभं राहावं आणि लोकांना टाळ्यांचा ठेका धरायला सांगावं. आमच्या आठव्या नाचात गाणं वीस सेकंदं गेलं होतं. मुलीने ठेका धरला, समोरच्यांनी उचलला, नाच थांबलाच नाही. वायरलेस माईकचे सेल मात्र कार्यक्रमापूर्वी नवे घालून घ्यावेत, आणि माईक घेऊन स्पीकरच्या पुढे जाऊ नये. तिथे गेलं की ती कानठळ्या बसवणारी शिट्टी येतेच.

शेवटचं गाणं नऊ वाजून अडतीस मिनिटांनी संपलं. पुढची वीस मिनिटं दोन्ही घरं एकत्र नाचली, आक्का मध्यभागी. दहाला दोन मिनिटं असताना मुलाने शेवटचं कार्ड वाचलं. त्यावर आभारांची यादी नव्हती. दुसऱ्या दिवशी हळद किती वाजता, जेवण कुठल्या बाजूला आणि साताऱ्याच्या मंडळींच्या गाड्या कुठे लावल्यात, एवढंच होतं.

तुळशीचं लग्न लागलं की हंगाम सुरू होतो. यंदा तुमच्या घरी कार्य असेल आणि माईक तुमच्या हातात येणार असेल, तर ओळी जुळवायला बसू नका. आधी फोन उचला, आणि पहिला फोन घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला करा.